काळजीच्या दिवसांत भुकेला विचारू नका, घड्याळ बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त परिचारिका ताईंनी सदस्यांशी साधलेला संवाद. बोलणं जसं झालं तसंच ठेवायचा प्रयत्न केला आहे. शेवटी सदस्यांनी विचारलेले प्रश्नही दिले आहेत.)



आज माझ्याकडे बोलायला एकच विषय आहे. पेरणी करून पाऊस लांबला, कर्जाचा हप्ता तोंडावर आला, घरात कुणी आजारी पडलं, पोरीच्या लग्नाची बोलणी अडली, असे दिवस आले की आपल्या पोटाचं काय होतं? कुणाला घास उतरत नाही. कुणी दिवसभर नुसत्या चहावर राहतं. आणि कुणाचं नेमकं उलटं होतं, रात्री सगळे झोपले की डबे उघडले जातात. शेव, खारी, बिस्किटाचा पुडा, नाहीतर नुसता गूळ. यातली बरीचशी कामं एकच बाई करते, सकाळी उपाशी आणि रात्री डब्यात हात. पण हे ती कुणाला सांगत नाही. उपाशी राहिल्याचं आपण सांगतो, त्यात थोडा मानही असतो. रात्री खाल्ल्याचं मात्र लपवतो.

या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, एकाच दोरीची ती दोन टोकं आहेत. आज मला तेवढंच नीट उलगडून सांगायचं आहे.

आधी भूक का मरते ते बघू. रानात अचानक साप दिसला तर काय होतं? छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, तोंड कोरडं पडतं. त्या क्षणी शरीर सगळी ताकद हातापायांकडे पाठवतं आणि पोटाचं काम मंद करतं, कारण तेव्हा पळायचं असतं, पचवायचं नसतं. काळजीच्या वेळी शरीर तेच करतं. फरक इतकाच की साप दोन मिनिटांत निघून जातो आणि हप्त्याची काळजी महिनाभर उशाशी बसते. म्हणून पोट जड वाटतं, मळमळतं, घास तोंडात फिरतो. याचा अर्थ शरीराला अन्न नको आहे असा नाही. अन्न लागतंच आहे, फक्त मागणारी घंटा बंद पडली आहे.

काळजी लांबली की दुसरी गोष्ट सुरू होते. शरीराला वाटतं, संकट मोठं आहे, साठा करायला पाहिजे. मग गोड आणि तेलकट हवंसं वाटायला लागतं. त्यात दिवसभराचं उपाशीपण भर घालतं. संध्याकाळी काम संपलं, घर जरा शांत झालं, की दाबून ठेवलेली भूक एकदम उसळते. तेव्हा भाकरी-भाजी समोर असली तरी हात शेवेच्या डब्याकडे जातो. यात बाई हावरी असते असं मुळीच नाही. सकाळी जे दिलं नाही ते शरीर रात्री व्याजासकट वसूल करतं. बचत गटातल्या बायकांना व्याज काय ते मी सांगायला नको.

आता एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, नाव आणि गाव मी घेणार नाही. वय बेचाळीसच्या आसपास. अडीच एकर सोयाबीन आणि तूर. त्या वर्षी पेरणी झाली आणि पाऊस गेला, दुबार पेरणी करावी लागली. बियाण्यासाठी उसनवारी झाली. त्या माझ्याकडे आल्या ते छातीत धडधडतं म्हणून. म्हणाल्या, “ताई, हात थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते, मला हार्टचं काही झालंय.” ग्रामीण रुग्णालयात छातीचा आलेख काढला, तो ठीक होता. बीपी ठीक, साखर ठीक. रक्त मात्र साडेनऊ होतं. बाईचं ते १२ तरी असायला हवं.

मग मी विचारलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सगळं सांगा. ते असं निघालं. पाचला उठल्या, मिश्री लावली. साडेपाचला चहा. सातला मुलांचं, मालकांचं आटपताना पुन्हा चहा. नऊला शेतात, डबा सोबत. अकराला बाकीच्या बाया जेवल्या, पण यांना जेवावंसं वाटलं नाही. दुपारी अडीचला अर्धी भाकरी चटणीबरोबर खाल्ली आणि उरलेला डबा तसाच परत आणला. चारला चहा. सातला चूल पेटवली आणि भाकऱ्या थापता थापता चिवडा, मूठमूठ करत. साडेनऊला सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवण, तेही जे उरलं ते. रात्री एकला जाग आली, काळजीनं झोप लागेना, तेव्हा गूळ आणि बिस्किटं.

त्यांना मी मोजायला लावलं. आदल्या रात्रीचं जेवण साडेनऊला, दुसऱ्या दिवशी पहिला घास दुपारी अडीचला. मध्ये सतरा तास. रात्रीची बिस्किटं धरली तरी तेरा-साडेतेरा तास आणि त्यात चार तास उन्हात खुरपणी. आता अशा बाईचे हात थरथरणार नाहीत तर काय होईल?

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. फार वेळ उपाशी राहिल्यावर जी लक्षणं येतात, म्हणजे थरथर, धडधड, घाम, चिडचिड, डोकं हलकं होणं, ती काळजीच्या लक्षणांसारखीच दिसतात. बाईला वाटतं आपली भीती वाढली. त्या भीतीनं भूक आणखी मरते. त्यात रिकाम्या पोटी चहा. चहात धडधड वाढवणारा अंश असतो, आणि पोटात आम्ल वाढून जळजळ होते ती वेगळीच. साखर चहातली, त्यामुळे अर्धा तास तरतरी येते आणि मग पुन्हा गळाल्यासारखं होतं. म्हणून परत चहा. दिवसात पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरा, दहा चमचे साखर झाली आणि पोटात अन्न नाही.

मिश्रीबद्दल बोललं की सभेत बाया पदर तोंडाला लावतात, मला माहीत आहे. पण बोलायलाच हवं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती भूक मारते आणि छाती धडधडवते, दोन्ही करते. “मिश्रीनं पोट साफ होतं, भूक लागत नाही, कामाला बरं पडतं,” असं ज्या म्हणतात त्यांनी हे ऐकून ठेवा, ते बरं पडणं म्हणजे भुकेची घंटा हातानं दाबून धरणं आहे. एकदम सुटत नाही हे खरं. निदान उठल्या उठल्या नको, काहीतरी खाल्ल्यानंतर, असं करून आधी वेळ पुढे ढकला, मग कमी करा.

तर या ताईंचं आम्ही काय केलं? एकदम सगळं बदलायला सांगितलं नाही. काळजीत असलेल्या बाईला दहा गोष्टी सांगितल्या तर ती एकही करत नाही. पहिल्या आठवड्यात एकच काम दिलं. उठल्यावर तासाभरात, पहिल्या चहाच्या आधी, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. भूक असो नसो. गोळी घेताना आपण भूक आहे का ते विचारतो का? तसंच हे.

त्यांनी पहिल्या दिवशी फुटाणे खाऊन बघितले, पण घास कोरडा पडून मळमळ झाली. दुसऱ्या दिवशी शिळी भाकरी ताकात कुस्करून घेतली, अर्धी वाटीसुद्धा गेली नाही. मग आम्ही पातळ पदार्थाकडे वळलो, कारण काळजीत चावायचं अन्न नको वाटतं पण पिण्याचं बरेचदा उतरतं. त्यांनी आंबील सुरू केली. रात्री दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ अर्धा पेला ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी दीड पेला पाणी उकळायला ठेवायचं, त्यात ते सोडायचं, गुठळी होऊ नये म्हणून हलवत राहायचं, सात-आठ मिनिटं शिजवायचं. मीठ, जिरं, आवडत असेल तर ठेचलेला लसूण. कोमट झाली की हळूहळू प्यायची. नाचणीचीही होते. ज्यांच्याकडे तांदूळ आहे त्यांनी पेज करावी, त्यात मूठभर मूगडाळ शिजवली तर जास्त चांगलं. त्या ताई पहिले चार दिवस अर्धा पेलाच प्यायल्या. पाचव्या दिवशी पेला संपला.

चहा बंद केला नाही. चहा बंद करा म्हटलं की आपल्या बाया परत यायच्याच बंद होतात. फक्त आंबिलीनंतर चहा, आणि दिवसाचे पाचाचे तीन केले. रक्त कमी होतं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्यांची वेळ दुपारच्या जेवणानंतर ठेवली आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, असं ठरवलं. चहामुळे लोह अंगाला कमी लागतं. जेवण आणि चहा यांच्यातही तेवढंच अंतर असावं. लिंबू पिळून भाजी खाल्ली तर लोह जास्त मिळतं, आणि लिंबू आपल्या दारातच असतं.

दुसऱ्या आठवड्यात शेतातला डबा. भूक लागली की उघडीन, असं त्या म्हणायच्या आणि भूक लागायचीच नाही. मी म्हटलं, भुकेची वाट बघू नका, शेजारची बाई डबा उघडेल तेव्हा तुमचाही उघडा. अकरा म्हणजे अकरा. सोबत बसून खाल्लं की दोन घास जास्त जातात. अख्खी भाकरी बघून पोटात गोळा येत असेल तर अर्धीच बांधा, पण तिच्याबरोबर वरण, पिठलं, मटकीची उसळ किंवा शेंगदाण्याची चटणी असं काहीतरी दमाचं हवं. नुसती भाकरी आणि हिरवी मिरची खाऊन दोन तासांत पुन्हा गळाठा येतो.

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळची वेळ धरली. माझ्या मते रात्रीच्या डब्याचा खरा इलाज इथं आहे. पाचच्या सुमाराला, चूल पेटवायच्या आधी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर एक उकडलेलं अंडं, नाहीतर केळं आणि ताक. चुलीपुढं उपाशी बसलेली बाई चिवडा खाणारच, तिथं मन मारून काही होत नाही. पोटात आधी काही गेलेलं असलं की हात आपोआप थांबतो. आणि चिवडा खायचाच असला तर वाटीत काढून, बसून खायचा. डब्यातून मूठमूठ खाल्लेल्याचा हिशोब लागत नाही.

महिना भरत आला तेव्हा एक दिवस असा आला की ज्याच्याकडून पैसे यायचे होते त्यानं हात वर केले. त्या रात्री ताईंनी बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला. सकाळी मला फोन. रडत म्हणाल्या, “सगळं पाण्यात गेलं, आज मी काहीच खाणार नाही.” तायांनो, सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. रात्री जास्त खाल्लं म्हणून सकाळी उपास करायचा, की संध्याकाळी पुन्हा भूक उसळते आणि पुन्हा पुडा. चाक फिरतच राहतं. चाक थांबवायची जागा रात्र नाही, सकाळ आहे. मी त्यांना सांगितलं, नेहमीची आंबील प्या, अकराला डबा खा, जणू काही झालंच नाही. त्यांनी तसं केलं आणि त्या रात्री जाग आली तरी डब्याकडे गेल्या नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांची काळजी संपली होती का? नाही. उसनवारी तशीच होती. झोपही अजून मोडत होती. रात्रीचं खाणं पूर्ण बंद झालं नव्हतं, आठवड्यातून एखाद वेळा व्हायचं. पण हातांची थरथर गेली होती, खुरपणीला बसल्यावर अंधारी येत नव्हती, आणि त्या बँकेत जाऊन हप्ता पुढं ढकलण्याबद्दल बोलून आल्या होत्या. ते काम त्यांनी दीड महिना टाळलं होतं. रिकाम्या पोटी माणसाला एवढं साधं कामही डोंगराएवढं वाटतं.

आता कुठं घरच्या उपायांवर थांबायचं नाही ते सांगते. खाणं सुधारूनही वजन उतरत असेल तर दवाखाना. पन्नास किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो कमी झालं तर ते सोडून द्यायचं नाही. घरी काटा नसतो, पण ब्लाउज ढिला झाला, बांगडी कोपराकडे सरकायला लागली, हे आपल्याला कळतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप आणि भूक मेलेली असेल तर ती काळजी समजून बसू नका, थुंकी तपासून घ्या. खाणं चांगलं आहे, तरी वजन उतरतंय आणि धडधडतंय, तर थायरॉईड आणि साखर बघायला हवी. पाळी चुकली असेल तर तेही बघा, मळमळ काळजीचीच असते असं नाही. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी औषध घेऊन जेवण चुकवायचंच नाही. साखर एकदम खाली जाऊन बाई बेशुद्ध पडू शकते.

ज्या बाईनं पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही, तिला मायेनं एकदम ताट भरून जेवू घालू नका. फार दिवसांच्या उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा भार पडला तर जिवाला धोका होऊ शकतो. तिला आधी डॉक्टरांकडे न्या.

आणि भूक नाही, झोप नाही, कशातच मन नाही, असे दोन आठवडे गेले, किंवा तोंडातून “मी नसलेलीच बरी” असं निघालं, तर ती बाई एकटी राहू देऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जेवून ओकारी काढणारी बाई किंवा मुलगी दिसली तरी याच नंबरावर विचारा. कुणी वेडं ठरवत नाही.

बोलून झाल्यावर सदस्यांनी प्रश्न विचारले.

“ताई, काळजी आली की मी उपास वाढवते. सोमवार, गुरुवार, शनिवार. ते सोडू का?”

सोडा म्हणणारी मी कोण? तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण उपास म्हणजे उपाशी राहणं नव्हे एवढं बघा. साबुदाण्यात नुसता स्टार्च असतो, तो खाऊन दुपारी पुन्हा भूक. त्यात दाण्याचं कूट भरपूर घाला, बरोबर दही घ्या. भगर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी, दूध, केळं हे वेळेवर खा. निर्जळी उपास उन्हातल्या कामाच्या दिवशी नको. आणि रक्त कमी असेल, दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल किंवा साखरेचं औषध चालू असेल, तर आधी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. तीन वारांचा एक केला तर देव रागवेल असं मला तरी वाटत नाही.

“माझी सासू म्हणते, घरच्यांच्या आधी बाईनं खाऊ नये. सकाळी सगळ्यांच्या आधी मी कशी खाऊ?”

स्वयंपाकघरात कुणी नसताना खा असं मी सांगणार नाही, लपून खाण्याचीच तर सवय मोडायची आहे. आंबील सगळ्यांसाठीच करा. सासूबाईंना पहिला पेला द्या, म्हातारपणी त्यांनाही सकाळी काहीतरी कोमट लागतंच. त्यांच्याबरोबर बसून तुमचा पेला प्या. लोहाची गोळी चालू असेल तर त्यांना सरळ सांगा की दवाखान्यातून वेळेवर जेवायला सांगितलंय. दवाखान्याचं नाव निघालं की सासवा ऐकतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

“आणि भूक आहे, पण घरात दाणाच नाही, तर?”

मग ते काळजीचं दुखणं नाही, ती टंचाई आहे, आणि तिला आंबिलीचं ज्ञान सांगून उपयोग नाही. रेशनकार्ड बघा. अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य महिन्याला मिळायला हवं. नाव कमी झालं असेल, अंगठा लागत नसेल, तर गटाच्या दोघी-तिघी तिच्याबरोबर तहसीलला जा. ग्रामसंघाकडे जोखीम निधी असतो तो याच कामासाठी आहे. अध्यक्षताई इथंच बसल्या आहेत, त्यांना आत्ताच विचारा, किती शिल्लक आहे आणि या महिन्यात कुणाच्या घरी धान्य द्यायला हवं.